खारी तुमची, फोटो कुणाचा?

फोटो विकणाऱ्या साइटवर ‘बेकरी’ शोधलं की क्रुआसाँ, लाकडी टेबलं आणि पिठाने माखलेले हात यांचा ढीग समोर येतो. खारी, नानकटाई, कडक पाव, मावा केक शोधायला जावं तर फारसं काही हाती लागत नाही. आपल्याकडच्या बेकरीची वेबसाइट करताना चित्रांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

समजा, कोल्हापुरातल्या एका बेकरीला वेबसाइट करायची आहे. रोजचे पदार्थ अठरा, शिवाय ऑर्डरप्रमाणे वाढदिवसाचे केक आणि घरपोच सेवा. चित्रं मिळवण्याचे मार्ग तीन: तयार स्टॉक फोटो, परवान्यासह मिळणारे आयकॉन आणि स्वतःचं फोटोशूट. निवड करताना एकच गोष्ट विचारावी. हे चित्र बघून गिऱ्हाईक ऑर्डर देणार आहे का? देणार असेल, तर चित्र आपल्याच मालाचं हवं.

म्हणजे अठराही पदार्थ आणि केकचे नमुने शूटमध्ये गेले. तिथे स्टॉक फोटो लावला, तर दिसतो एक केक आणि घरी पोचतो दुसरा. मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी ठरते. त्याआधी गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच. तोच फोटो दुसऱ्या गावातल्या बेकरीनेही घेतलेला असू शकतो, कारण साधा परवाना कुणा एकापुरता नसतो.

स्टॉक फोटोला जागा उरते ती मागच्या पट्टीसाठी किंवा ‘आमच्याविषयी’च्या पानावर: गव्हाची लोंबी, चाळणीतून पडणारा मैदा. घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. ‘एडिटोरियल’ असा शेरा असलेला फोटो व्यवसायाच्या जाहिरातीत चालत नाही. आणि गूगलवर सापडलेला फोटो म्हणजे फुकटचा फोटो नव्हे.

आयकॉन लागतात ते खुणेपुरते: घरपोच, वेळ, फोन, पत्ता. इथे फोटो उलट अडचण करतो, मोबाइलवर तो नखाएवढा होऊन काहीच कळत नाही. सगळे आयकॉन एकाच संचातले घ्यावेत, नाहीतर एकाची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक असं होतं. फुकट संचांच्या अटी सारख्या नसतात. गूगलचे मटेरियल आयकॉन श्रेय न छापता वापरता येतात. काही साइटवरचे फुकट आयकॉन मात्र निर्मात्याचं नाव दिलं तरच चालतात. एक खूण मात्र या संचांतून सजावट म्हणून उचलू नये, ती म्हणजे शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. ते एफएसएसएआयने ठरवून दिलं आहे: हिरव्या चौकटीत हिरवा गोल, किंवा तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. अंडं घातलेल्या केकला त्रिकोणच लागतो. तिथे सुंदर हिरवं पान चालत नाही.

आता शूट. अठरा पदार्थ अर्ध्या दिवसात होतात, पण क्रम चुकला तर नाही. पाव आणि खारी भट्टीतून निघाल्यावर लगेच घ्यावी. दमट हवेत खारीचे पापुद्रे तासाभरात बसतात. नानकटाई आणि टोस्ट थांबू शकतात, त्यांना मधे ठेवावं. क्रीमची पेस्ट्री सगळ्यात शेवटी, तीही एकेक. फ्रिजमधून काढली की तिच्यावर दव धरतं आणि थोड्याच वेळात क्रीमच्या कडा ओघळू लागतात. म्हणून आधी त्या जागी कालची पेस्ट्री ठेवून कोन आणि फोकस जुळवायचा, मग ताजी ठेवून झटपट फोटो घ्यायचे.

उजेड खिडकीचा, एका बाजूने घ्यावा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करावा. दुकानातले पिवळे दिवे बंदच हवेत. दोन रंगांचा उजेड मिसळला की पांढरं क्रीम एका बाजूला पिवळं आणि दुसऱ्या बाजूला निळसर दिसतं, आणि ते नंतर नीट सुधारता येत नाही. मावा केक एक कापून ठेवावा, कारण गिऱ्हाइकाला आतली जाळी बघायची असते. प्रत्येक पदार्थाचा कोन आणि पार्श्वभूमी एकच ठेवली, तर पुढे नवा पदार्थ आला की त्याच चौकटीत एकच फोटो काढून भागतं.

हक्काचं आधीच लिहून घ्यावं. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक सहसा काढून घेणारा असतो. मात्र वेगळा करार नसेल तरच. फोटोग्राफरच्या कोटेशनमध्ये ‘फक्त वेबसाइटसाठी’ असं असेल आणि त्यावर सही झाली असेल, तर तोच फोटो खोक्यावर छापताना परत परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे वेबसाइट, खोका, फलक, व्हॉट्सअॅप कॅटलॉग असे सगळे वापर नावानिशी लिहावेत, मूळ फाइली मागून घ्याव्यात आणि स्टॉक फोटोंची बिलंही त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत.

पैसे कमी असतील तर अठरातले सर्वांत जास्त खपणारे सहा पदार्थ आधी घ्यावेत. उरलेल्यांपुढे नाव आणि दर लिहावा, पण उसना फोटो लावू नये.