स्क्रीनशॉट शोधा, त्यातल्या अक्षरांवरून

फोनमध्ये साठलेल्या हजारो चित्रांतून एखादा जुना स्क्रीनशॉट काढायचा असेल, तर त्यावर छापलेला एक शब्द फोटो अॅपच्या शोधपट्टीत टाइप केला तरी बहुतेक वेळा काम होते. गूगल फोटोजमध्ये ही सोय २०१९ साली आली. आयफोनवर ती २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर आली. तरीही बरेच जण अजून अंगठ्याने गॅलरी मागे-मागे सरकवत बसतात. काहींनी शब्द टाकून पाहिलेला असतो, पण काही सापडत नाही म्हणून नाद सोडलेला असतो. न सापडण्याची कारणे थोडी आहेत आणि ती समजली की बहुतेकांवर उपाय करता येतो.

शब्द टाकल्यावर अॅप एकेक चित्र उघडून वाचत नाही. चित्र साठवले गेल्यानंतर केव्हातरी, मालकाच्या नकळत, त्यावरील मजकूर एकदा वाचून ठेवलेला असतो. या वाचनाला ओसीआर म्हणतात. चित्रात अक्षरे कुठे आहेत ते आधी हुडकले जाते, मग प्रत्येक आकार कोणत्या अक्षराचा असावा याचा अंदाज बांधला जातो. त्यातून निघालेले शब्द, पुस्तकाच्या शेवटी असते तशा सूचीत, त्या-त्या चित्राच्या नावावर नोंदवले जातात. शोध घेतला जातो तो या सूचीत. त्यामुळे चित्रात खरोखर काय लिहिले आहे, यापेक्षा यंत्राने ते काय म्हणून वाचले आहे, याला जास्त महत्त्व येते. आणि जे चित्र अजून वाचलेच गेलेले नाही, ते शोधात येत नाही.

अँड्रॉइड फोनवर पहिली अडचण नेमकी इथे असते. गूगल फोटोजमध्ये हे वाचन मुख्यतः गूगलच्या सर्व्हरवर, म्हणजे बॅकअप झालेल्या चित्रांचे होते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचा बॅकअप आपोआप होतो, पण Screenshots आणि WhatsApp Images ही फोल्डर वेगळी धरली जातात आणि त्यांचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. अॅपच्या सेटिंगमध्ये Backup आणि त्यात Back up device folders असा पर्याय आहे. तिथे Screenshots समोरचे बटण बंद असेल, तर कितीही अचूक शब्द टाकला तरी उपयोग नाही. बटण चालू केल्यावरही सगळी चित्रे चढायला आणि वाचली जायला वेळ लागतो, म्हणून लगेच निराश होऊ नये. आयफोनवर हे वाचन फोनमध्येच होते, त्यासाठी आयफोन एक्सएस किंवा एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन लागतो. फोन नवा घेतला असेल तर तो रात्री चार्जिंगला लावून ठेवावा. बरीचशी वाचणी फोन वापरात नसताना उरकली जाते.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाने घर सोडले आणि अनामत रकमेवरून घरमालकांशी मतभेद झाले. चाळीस हजार रुपये दोन वर्षांपूर्वी यूपीआयने पाठवले होते. तेव्हा पावतीचा स्क्रीनशॉट काढला होता, आता तो हवा आहे. सहज सुचणारा शब्द म्हणजे ‘डिपॉझिट’. पण पैसे पाठवताना नोंदीच्या चौकटीत काही लिहिले नसेल, तर हा शब्द पावतीवर कुठेच नाही, मग तो सापडणार कसा? शोधताना विचार करायचा तो ‘ते चित्र कशाचे होते’ याचा नव्हे, तर ‘त्या पडद्यावर कोणती अक्षरे होती’ याचा. यूपीआयच्या पावतीवर Paid to, Debited from, UTR, UPI transaction ID असे ठरलेले शब्द असतात. कोणते, ते अॅपनुसार बदलते. शंका असेल तर त्याच अॅपची एखादी ताजी पावती उघडून तिच्यावरचे शब्द पाहून घ्यावेत, कारण मांडणी थोडीफार बदलली तरी बरेचसे शब्द तेच राहतात.

नुसते UTR टाकले तर दोन वर्षांतल्या सगळ्या पावत्या समोर येतील. म्हणून दुसरा शब्द जोडायचा. घरमालकांचे आडनाव देशपांडे असेल तर Deshpande हा तो शब्द. मात्र फोनमधील संपर्कयादीत त्यांचे नाव ‘घरमालक काका’ असे जतन केलेले असले, तरी पावतीवर अनेकदा बँकेच्या खात्यावरचे नाव छापले जाते. खाते त्यांच्या पत्नीचे किंवा मुलाचे असेल, तर पावतीवर नाव त्यांचे. ही गोष्ट ध्यानात न आल्याने बरेच शोध वाया जातात.

रकमेवरून शोधायचे तर आणखी एक खोच आहे. पडद्यावर रक्कम ₹40,000 अशी असते. 40000 आणि 40,000 हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द ठरू शकतात, म्हणून स्वल्पविरामासह शोधावे. ₹ हे चिन्ह मात्र टाकू नये. ओसीआर ते चिन्ह कधी 2, कधी 7 असे वाचून आकड्याला चिकटवतो. रक्कम बरोबर टाकूनही पावती मिळत नसेल तर हाच प्रकार झालेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी रकमेचा हट्ट सोडून नावाकडे किंवा बँकेकडे वळावे.

अक्षरे आणि अंक मिसळलेले क्रमांक हे ओसीआरचे सर्वांत कच्चे अंग. 0 आणि O, 1 आणि l, 5 आणि S, 8 आणि B यांत गल्लत होते. शब्द वाचताना शेजारच्या अक्षरांवरून चूक सुधारता येते, क्रमांकात तो आधार नसतो. बँकेचा आयएफएससी कोड हे याचे चांगले उदाहरण आहे. हा कोड ११ चिन्हांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची आणि पाचव्या जागी नेहमी शून्य. SBIN नंतरचे हे शून्य यंत्राने O वाचले की पूर्ण कोड टाकणाऱ्याला काहीच मिळत नाही. म्हणून कोड शोधण्याऐवजी त्याच पडद्यावरचे IFSC, Branch किंवा शाखेच्या गावाचे नाव असे साधे शब्द टाकणे केव्हाही बरे. निव्वळ अंकांचे क्रमांक, उदाहरणार्थ रेल्वेचा दहा अंकी पीएनआर किंवा यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, त्या मानाने नीट वाचले जातात.

शोधपट्टी फक्त अक्षरे पाहत नाही, चित्रातील वस्तूही ओळखते, हेही लक्षात ठेवावे लागते. रंगकामाचे आगाऊ पैसे देताना नोंदीत painting लिहिले असेल आणि तोच शब्द शोधला, तर आधी भिंतींवरची चित्रे आणि मुलांची रंगवलेली पाने समोर येतात. गूगल फोटोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकला, म्हणजे "painting" असा, तर तो अक्षरांतच शोधला जातो.

मराठी मजकुराची गोष्ट थोडी वेगळी आहे. गूगलचा ओसीआर देवनागरी वाचतो. आयफोनवर ही सोय सुरू झाली तेव्हा तिच्यात सात भाषा होत्या आणि देवनागरी लिपी त्यांत नव्हती. आपला फोन मराठी वाचतो की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. मराठी मजकुराचा एखादा स्क्रीनशॉट उघडून अक्षरांवर बोट दाबून धरावे किंवा लेन्सचे बटण दाबावे. शब्द निवडता आले तर ते कॉपी करून नोंदवहीच्या अॅपमध्ये चिकटवावेत. यंत्राला काय दिसते ते तिथे उघडे पडते. रुंद शिरोरेषेचा सजावटी टाइप, जोडाक्षरे आणि ओळीवरच्या मात्रा-अनुस्वार या तीन ठिकाणी चुका जास्त आढळतात. ज्या चित्रांवर मजकूर फोटोवरच छापलेला असतो, अशा शुभेच्छांच्या आणि पत्रिकांच्या चित्रांत तर निम्मे शब्द हातून जातात.

मराठीत शब्दांची रूपे बदलतात, याचाही शोधावर परिणाम होतो. सोसायटीच्या सूचनेत ‘वार्षिक सभेस सर्व सभासदांनी उपस्थित राहावे’ असे असेल, तर ‘सभा’ टाकून ती मिळेलच असे नाही, ‘सभेस’ टाकले तर मिळण्याची शक्यता वाढते. न बदलणारा शब्द त्याहून चांगला, इथे तो ‘वार्षिक’ किंवा ‘उपस्थित’. ‘४०’ आणि ‘40’ ही संगणकाच्या दृष्टीने वेगवेगळी चिन्हे आहेत, तेव्हा वर्तमानपत्राच्या कात्रणातील आकडा देवनागरीतही टाइप करून पाहावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील पीडीएफ मजकूर कॉपी केला की निरर्थक चिन्हे मिळतात, पण त्याच पानाचा स्क्रीनशॉट मात्र शोधता येतो, कारण ओसीआर अक्षराचा आकार पाहतो, त्यामागचा सांकेतिक क्रमांक नव्हे.

एवढे करूनही हाती काही लागले नाही, तर फाइलचे नाव कामी येते. अँड्रॉइडवर स्क्रीनशॉटच्या नावात तारीख असते, जसे Screenshot_20230314, आणि काही कंपन्यांच्या फोनवर ज्या अॅपमधून तो काढला त्याचेही नाव असते. फाइल्स अॅपमध्ये नुसती तारीख टाकून तो शोधता येतो, त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. तारीख माहीत नसेल तर बँकेच्या खातेउताऱ्यात ती मिळते. दुसऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीला मात्र मूळ नाव राहत नाही. शिवाय पाठवताना चित्र दाबले गेल्याने बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि वाचनही बिघडते. चित्र चुकून पुसले गेले असल्यास गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेली प्रत ६० दिवस आणि न झालेली ३० दिवस राहते. शोधात ती दिसत नाही, ट्रॅश उघडूनच पाहावी लागते.

मालकाला सापडते ते दुसऱ्यालाही सापडू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आणला. तो काही अॅपमध्ये दडलेला होता, ती अॅप गूगल आणि अॅपल या दोघांच्याही अधिकृत दुकानांत मिळत होती. गॅलरी पाहण्याची परवानगी मिळाली की तो ओसीआरने चित्रे वाचून क्रिप्टो चलनाच्या पाकिटांचे गुप्त शब्द शोधत असे. कोणत्याही अॅपला सगळ्या फोटोंची परवानगी देण्याऐवजी निवडक फोटोंचीच द्यावी. आणि password, PIN, आधार असे शब्द स्वतःच शोधपट्टीत टाकून पाहावेत. जे निघेल त्यातले नको ते पुसावे आणि हवे ते गूगल फोटोजच्या Locked Folder मध्ये किंवा आयफोनच्या Hidden अल्बममध्ये हलवावे. या दोन्ही जागा शोधाच्या बाहेर असतात.