काल्पनिक किरणास्त्रे आणि ऊर्जेचा हिशेब

विज्ञानकथांतील ऊर्जाशस्त्रांचा एक जुना आणि गाजलेला नमुना एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १८९८ च्या कादंबरीत आहे. मंगळावरून आलेले आक्रमक त्यात उष्णताकिरणाने माणसे आणि घरे जाळतात. पुढे १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेत हातात मावणारे फेझर आले, तर १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात ब्लास्टर. अशा शस्त्रांचा पल्ला आणि परिणाम कथेत रंगवून सांगितलेला असतो. पण त्यांना ऊर्जा कुठून मिळते आणि वाया गेलेली उष्णता कुठे जाते, हे दोन प्रश्न बहुधा तसेच राहतात.

फेझरच्या एका झोतात समोरचा माणूस नाहीसा होतो, हाच प्रसंग हिशेबाला घेता येतो. सत्तर किलो वजनाच्या शरीरात साधारण ४५ किलो पाणी असते. शरीराच्या तापमानाचे एक किलो पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. हाडामांसाचा विचार बाजूला ठेवला, तरी नुसत्या पाण्यासाठी ११ कोटी ज्यूल हवेत. हे काम एका सेकंदात उरकायचे, तर शस्त्राची शक्ती ११० मेगावॅट भरते. एखाद्या लहान वीजकेंद्राइतकी. शिवाय ४५ किलो पाण्याची वाफ सुमारे ७५ घनमीटर जागा व्यापते. त्यामुळे बंद खोलीत झोत सोडणाराही भाजून निघेल. पडद्यावर मात्र माणूस शांतपणे विरून जातो.

एवढी ऊर्जा साठवायची कशात? चांगल्या लिथियम-आयन बॅटरीच्या एका किलोत साधारण नऊ लाख ज्यूल मावतात, म्हणजे एका झोतासाठी सव्वाशे किलोची बॅटरी लागेल. तीही एका सेकंदात रिकामी करता येत नाही. तसा प्रयत्न केला तर ती स्वतःच पेटते. कपॅसिटर झटक्यात रिकामा होतो, पण त्याच वजनात बॅटरीच्या मानाने फारच थोडी ऊर्जा मावते.

उष्णतेची अडचण याहून मोठी आहे. आजच्या चांगल्या फायबर लेसरमध्ये दिलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा प्रकाश होऊन बाहेर पडतो आणि बाकीची वीज यंत्रातच उष्णता होऊन राहते. म्हणजे ११ कोटी ज्यूलचा झोत सोडताना त्याच्या दुप्पट उष्णता शस्त्रात साठेल. भविष्यातले शस्त्र ९९ टक्के कार्यक्षम मानले, तरी ११ लाख ज्यूल मागे उरतात. एवढ्या उष्णतेने एक किलो पोलाद वितळण्याच्या बेताला येते. ते शस्त्र मुठीत धरणाऱ्याचा हात पहिल्याच झोतात जळून जाईल.

जमिनीवर हवा आणि पाणी वापरून यंत्र थंड करता येते. अंतराळात ही सोय नाही. निर्वातात यानाची उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे पृष्ठभागावरून होणारे उत्सर्जन, आणि तो संथ आहे. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या एका चौरस मीटर पृष्ठभागातून आदर्श स्थितीतही फक्त ४६० वॅट बाहेर जातात. एक मेगावॅटचा लेसर सतत चालवला तर वाया जाणारी उष्णता दोन मेगावॅट असते. ती टाकायला दोन्ही बाजूंनी उत्सर्जन करणारा, सुमारे अर्धा एकर पसरलेला रेडिएटर लागेल. रेडिएटर अधिक तापवला तर तो लहान करता येतो, पण लेसरचे भाग थंडच ठेवावे लागतात. अशा लढाऊ यानाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नाजूक भाग रेडिएटरच असेल. पडद्यावरच्या युद्धनौकांना तो सहसा नसतोच.

तिसरी चूक दिसण्याची. प्रकाशझोत बाजूने दिसायचा तर त्यातला काही प्रकाश धूळ, धूर किंवा बाष्पावर आदळून पाहणाऱ्याकडे वळावा लागतो. अंतराळात वळवणारे काहीच नाही, म्हणून तिथे झोत दिसणार नाही. हवेतही आजचे लष्करी लेसर बहुधा अवरक्त प्रकाश वापरतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तुकड्यातुकड्यांनी धावणाऱ्या रंगीत रेषा तर अशक्यच. चित्रपटाच्या एका चौकटीच्या वेळात, सेकंदाच्या चोविसाव्या भागात, प्रकाश साडेबारा हजार किलोमीटर जातो. झोत दिसला की बाजूला उडी मारायची, याला वेळच उरत नाही. ब्लास्टरचा मारा तापलेल्या प्लाझ्माचा मानला तर त्याचा वेग कमी असू शकतो, पण बांधून ठेवणारे काही नसल्याने तो गोळा वाटेतच फुगून विरेल.

प्रत्यक्षातली शस्त्रे या मर्यादा सांभाळूनच बनतात. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये ‘पॉन्स’ या जहाजावर बसवलेला लेसर ३० किलोवॅटचा होता. डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कुर्नूल येथे दाखवलेली प्रणालीही तेवढ्याच शक्तीची आहे. फेझरला लागणारी शक्ती याच्या साडेतीन हजार पटींहून जास्त. असा लेसर लक्ष्याला नाहीसे करत नाही. ड्रोनच्या एकाच ठिकाणी झोत काही सेकंद धरून ठेवावा लागतो, तेव्हा तिथला भाग जळतो आणि ड्रोन कोसळते. या बाबतीत वेल्स नंतरच्या अनेकांपेक्षा काटेकोर ठरतात: त्यांचा उष्णताकिरण अदृश्य आहे आणि तो ज्यावर पडतो, ते पेट घेते तेव्हाच त्याची दिशा कळते.