सर्व्हर रूममध्ये थंडी वाजते, तरी सर्व्हर का तापतो? गरम बोळ आणि पीयूईचं साधं गणित

सहकारी बँक असो, साखर कारखाना असो की मोठं रुग्णालय, चार-पाच रॅकची सर्व्हर रूम आता तालुक्याच्या गावातही दिसते. खोलीत शिरलं की अंगावर काटा येतो इतका गारवा असतो. तरीही वरच्या खणातला एखादा सर्व्हर तापून बंद पडतो आणि महिन्याचं लाईट बिल बघून व्यवस्थापकाला घाम फुटतो. मग आणखी एक एसी बसवला जातो. पण बहुतेक वेळा अडचण थंडाव्याची नसते, थंड आणि गरम हवा एकमेकांत मिसळण्याची असते.

हवा कुठून कुठं जाते?

सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. म्हणून रॅकच्या दोन रांगा पाठीला पाठ करून लावतात. मधला बोळ गरम हवेचा होतो आणि बाकीची खोली थंड राहते. हा बोळ उघडाच ठेवला तर गरम हवा रॅकच्या डोक्यावरून वळून पुन्हा समोर येते आणि वरच्या खणातले सर्व्हर तीच ओढतात. दुसरीकडे एसीची बरीच थंड हवा सर्व्हरला न शिवताच एसीत परत जाते.

बोळाच्या दोन्ही टोकांना दारं, वर छत आणि छतातून थेट एसीच्या परतीच्या तोंडाला जोडलेला डक्ट, या व्यवस्थेला हॉट आइल कंटेनमेंट म्हणतात. चुलीवर धुराडं बसवावं तसाच हा प्रकार. धूर घरभर फिरत नाही, सरळ बाहेर जातो.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका संस्थेकडे चार रॅक आहेत आणि प्रत्येकात ५ किलोवॅटचे सर्व्हर आहेत. म्हणजे सर्व्हरचा भार २० किलोवॅट. सर्व्हरमधून जाताना हवा १२ अंशांनी तापते असं धरलं, तर दर किलोवॅटला ताशी साधारण २५० घनमीटर हवा लागते. २० किलोवॅटला झाली ५,००० घनमीटर.

खोलीत चार टनांचे तीन एसी चालू आहेत. प्रत्येक एसी ताशी ३,००० घनमीटर हवा फेकतो, म्हणजे एकूण ९,०००. सर्व्हरला हवी ५,०००, फेकली जाते ९,०००. उरलेली ४,००० घनमीटर हवा नुसती गोल फिरते आणि तिच्यासाठीही वीज जळते.

पीयूई कसा काढायचा?

पीयूई म्हणजे सर्व्हर रूमने एकूण घेतलेली वीज भागिले फक्त सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कच्या यंत्रांनी घेतलेली वीज. २००७ मध्ये ‘द ग्रीन ग्रिड’ या संघटनेने हे माप प्रचारात आणलं. आकडा १ च्या जितका जवळ, तितका वरखर्च कमी.

उदाहरणातल्या खोलीत सर्व्हर २० किलोवॅट, एसी १३, यूपीएसमधली गळती २ आणि दिवे वगैरे १. एकूण ३६ किलोवॅट.

३६ ÷ २० = १.८

म्हणजे सर्व्हरला एक युनिट पोचवण्यासाठी वर ०.८ युनिट खर्च होतं.

दारं बसवली, पण बिल तेवढंच!

इथंच बरेच जण फसतात. बोळ बंद केला, डक्ट जोडला, पण पुढच्या महिन्याचं बिल हललंच नाही. कारण एसीची सेटिंग जुनीच राहते. अनेक एसी परत येणाऱ्या हवेचं तापमान पाहून चालतात. आधी ती हवा मिसळून आलेली असे. आता ती थेट बोळातून ३५-३६ अंशांनी येते. एसीला वाटतं खोली पेटली आहे आणि तो पूर्ण जोराने चालत राहतो.

म्हणून दारांनंतर दोन कामं करावीच लागतात. पहिलं, एसीचं नियंत्रण बाहेर पडणाऱ्या थंड हवेवर आणायचं आणि ती २२-२३ अंशांवर ठेवायची. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही ‘ॲश्रे’ या संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, खोलीचा फ्रिज करायची गरज नाही. दुसरं, तिसरा एसी बंद करून राखीव ठेवायचा. दोन एसींची ६,००० घनमीटर हवा ५,००० ला पुरते. आळीपाळीने विश्रांती दिली की तिन्ही यंत्रं चालू हालतीत राहतात.

आता एसीचा भार १३ वरून ८ किलोवॅटवर आला असं धरू. एकूण ३१, पीयूई १.५५. दर तासाला ५ युनिट वाचली. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ४३,८०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ४ लाख ३८ हजार रुपये.

गळती कशी ओळखायची?

रॅकच्या समोर खाली, मध्ये आणि वर असे तीन साधे थर्मामीटर लावावेत. वरचा आकडा खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त असेल तर गरम हवा कुठून तरी समोर येत आहे. बहुतेक वेळा रिकाम्या खणांना झाकण-पट्ट्या नसतात किंवा केबलची भोकं उघडी असतात. लाखाची दारं बसवून शंभर रुपयांची पट्टी विसरली, असं होऊ नये.

भिंतीवरचे साधे स्प्लिट एसी असतील तर ही पद्धत बसत नाही, कारण त्यांना डक्ट जोडता येत नाही. तिथं थंड बाजू बंदिस्त करण्याचा विचार करावा. बोळाला छत केल्यावर आगीचा इशारा देणारं यंत्र आणि आग विझवणारी व्यवस्था बोळाच्या आतही हवी, हे विसरून चालत नाही.

आकडा फसवतोही

लाईट गेली की जनरेटर चालतो, म्हणून त्याची युनिटही एकूण विजेत धरावीत. सर्व्हर रूमला वेगळं सबमीटर हवं, आणि सर्व्हरची वीज यूपीएसच्या पुढे मोजावी. डिसेंबरातला एका दिवसाचा आकडा मे महिन्यात टिकत नाही, म्हणून हिशेब वर्षभराच्या युनिटवरच करावा.

आणखी एक गंमत. याच खोलीतले बिनकामाचे जुने सर्व्हर बंद केले आणि भार २० वरून १६ किलोवॅट झाला. एसी ७ वर आला, यूपीएस आणि दिवे तेवढेच राहिले. एकूण २६, म्हणजे बिल उतरलं. पण पीयूई? २६ भागिले १६ म्हणजे १.६२५. आकडा बिघडला! उलट खोली २७ अंशांच्या वर नेली तर सर्व्हरमधले छोटे पंखे जोरात फिरतात. त्यांची वीज सर्व्हरच्याच खात्यात जाते, त्यामुळे पीयूई सुधारल्यासारखा दिसतो आणि एकूण वीज मात्र वाढू शकते.

म्हणून पीयूईच्या शेजारी एकूण युनिटचा आकडाही दर महिन्याला वहीत लिहावा. दोन्ही खाली येत असतील तरच सुधारणा खरी.