पहिल्या वर्षाचा तोटा नीट वाच

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

नव्या शाखेचा ताळेबंद पाहिला. वर्षाचा तोटा 2 लाख 40 हजार, म्हणून तू मार्चअखेर शटर ओढायचं म्हणतोस. जरा थांब.

रॅक, काउंटर, फ्रीजचे 3 लाख तू एकाच वर्षाच्या खर्चात टाकलेस. ते सामान दहा वर्षं चालेल, म्हणजे यंदाच्या वाट्याला 30 हजारच येतात. असं धरलं तर उलट 30 हजार नफा दिसतो. पण लगेच पेढे वाटू नकोस! तुझी सून तिथे दिवसभर गल्ल्यावर बसते, तिचा पगार कुठेच धरलेला नाही. महिना 15 हजार धरले तर खरा तोटा दीड लाख.

आता महिनावार विक्री बघ. पहिल्या महिन्यात पावणेदोन लाख, शेवटच्या महिन्यात 4 लाख 10 हजार. भाडं, वीज, पगार, फर्निचरचा हिस्सा मिळून महिन्याला 48 हजार लागतात. किराण्यात आपल्याला शंभराला बारा सुटतात, म्हणजे 4 लाखांच्या विक्रीला खर्च भागतो. तिथवर दुकान आत्ताच पोचलंय.

मात्र ही वाढ उधारीवर झाली असेल तर माझं गणित कोसळतं. वही काढ, तीन महिन्यांपुढची येणी वेगळी लिही आणि रॅकवरचा माल स्वतः मोजून घे. येणी थोडी निघाली तर दिवाळीपर्यंत शाखा चालव. जास्त निघाली तर उधारी आधी बंद कर, दुकान नंतर.

तुझे,
बाबा