कॉम्प्रेसरच्या हवेचं बिल कोण भरतं?



तुमच्या वर्कशॉपच्या वीजबिलाबद्दल लिहितोय. बिल कमी करायचं म्हटलं की पहिली चर्चा एलईडी दिव्यांची होते, कारण दिवे डोळ्यांना दिसतात. मला मात्र आधी कॉम्प्रेसर पाहायचा असतो.

गैरसमज: थोडीफार गळती सगळीकडेच असते, तिनं काय फरक पडतो?

7 बार दाबाच्या लाइनला 3 मिमीचं भोक असेल, तर त्यातून सेकंदाला सुमारे 10 लिटर हवा जाते. 22 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर जेवढी हवा देतो, त्याचा हा साधारण सहावा हिस्सा. एवढं मोठं भोक सहसा एका जागी नसतं. कपलिंग, पाइपचे जोड, पीयू ट्यूब, ड्रेन व्हॉल्व्ह अशा दहा ठिकाणी ते वाटलेलं असतं आणि शिफ्ट चालू असताना त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

ही गळती मोजायला महागडं उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद ठेवा, मशीनपर्यंतचे व्हॉल्व्ह मात्र उघडेच राहू द्या, आणि कॉम्प्रेसर चालू करा. टाकी भरल्यावर घड्याळ लावून तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो ते पाच-सहा फेऱ्या लिहा. समजा, सरासरी 90 सेकंद लोड आणि 210 सेकंद अनलोड आली. 300 पैकी 90, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 30 टक्के हवा वाया. ही गळती 10 टक्क्यांपर्यंत आणणं शक्य असतं.

गैरसमज: 20 टक्के गळती थांबली, की कॉम्प्रेसरची 20 टक्के वीज वाचली.

इथेच बरेच हिशेब फुगतात. अनलोडवरही मोटर फिरतच असते. लोडवर 24 किलोवॅट घेणारं मशीन अनलोडवर 8 घेत असेल, तर वाचतो तो फरक, म्हणजे 16 किलोवॅट. त्याचे 20 टक्के म्हणजे 3.2 किलोवॅट. दोन शिफ्ट, 16 तास, वर्षाला 300 दिवस धरले, तर 15,360 युनिट.

दर लावतानाही जपा. एकूण बिलाला युनिटनं भागू नका. स्थिर किंवा डिमांड आकार या कामानं कमी होत नाही. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं शुल्क एवढंच धरा. ते युनिटला 8 रुपये मानलं, तर वर्षाची बचत 1,22,880 रुपये. कपलिंग, ट्यूब, व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून 60,000 रुपये खर्च आला, तर 60,000 भागिले 1,22,880 म्हणजे सुमारे 6 महिन्यांत पैसे वसूल.

हे सहा महिने गळती पुन्हा वाढली नाही तरच खरे. कपलिंग झिजतात, ट्यूब कडक होऊन चिरतात. म्हणून हीच घड्याळाची चाचणी दर तीन महिन्यांनी करा आणि आकडे वहीत लिहा. पहिली चाचणी येत्या सुट्टीला केलीत, तर ते आकडे आणि मागच्या 12 महिन्यांची बिलं मला पाठवा. तुमच्या दरानं हिशेब मांडून देतो.