वाघाच्या फोटोवर टॅप करणारे बुकिंग का करत नाहीत?

समजा, तिरोड्याहून नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमच्या मामाने चार खोल्यांचा होमस्टे काढलाय. तुम्ही कॉलेजात ‘कम्प्युटरवालं काहीतरी’ शिकता, म्हणून वेबपेज बनवायचं काम साहजिकच तुमच्या गळ्यात पडतं. तुम्ही मस्त पेज बनवता. वर वाघाचा मोठा फोटो, त्यावर ‘निसर्गाच्या कुशीत’ असं शीर्षक, खाली आठ फोटो आणि सगळ्यात शेवटी हिरवं बटण : ‘व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग करा’. मामा इन्स्टाग्रामवर जाहिरातीला पैसे लावतो. रोज चाळीसेक माणसं पेजवर येतात, पण मेसेज करतात एक किंवा दोन.

मग घरातला प्रत्येक जण सल्ला देतो. मामी म्हणते फोटो बदल, मित्र म्हणतो बटण लाल कर, मामा म्हणतो जाहिरातच बंद कर. यातलं बरोबर कोण, हे ठरवायचं कसं? जाहिरातीवरून माणूस ज्या पानावर येऊन पोचतो, त्याला लँडिंग पेज म्हणतात. त्यावर प्रयोग करायची एक रीत आहे, आणि त्या रीतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका निवडणुकीतलं आहे.

ओबामांचं पान

डिसेंबर २००७. अमेरिकेत बराक ओबामा यांचा प्रचार चालू होता. त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लोकांनी ईमेल देऊन नाव नोंदवावं, एवढंच काम होतं. डॅन सिरोकर हा तरुण तिथल्या आकडेवारीचं काम बघत होता. त्याच्या टीमने बटणावरच्या मजकुराचे चार प्रकार घेतले : ‘साइन अप’, ‘साइन अप नाऊ’, ‘जॉइन अस नाऊ’ आणि ‘लर्न मोअर’. वरच्या जागेसाठी सहा पर्याय घेतले, तीन फोटो आणि तीन व्हिडिओ. चार गुणिले सहा, म्हणजे चोवीस जोड्या. येणाऱ्या प्रत्येकाला यातली एक जोडी कुठलाही क्रम न ठेवता दाखवली. एकूण ३,१०,३८२ जणांनी पान पाहिलं, म्हणजे प्रत्येक जोडी सुमारे १३ हजार लोकांसमोर गेली.

टीमचा आवडता पर्याय एक व्हिडिओ होता. निकाल आला तेव्हा तिन्ही व्हिडिओ तिन्ही फोटोंच्या मागे पडले होते. जिंकली ती ओबामांच्या कुटुंबाचा फोटो आणि ‘लर्न मोअर’ ही जोडी. मूळ पानावर १०० पैकी ८.२६ लोक नाव नोंदवत होते, या जोडीवर ११.६. म्हणजे ४०.६ टक्क्यांची वाढ.

सिरोकरने पुढे हिशेब मांडला, की यामुळे प्रचाराला सुमारे २८ लाख ८० हजार जास्तीचे ईमेल आणि ६ कोटी डॉलर जास्त देणगी मिळाली. इथे जरा थांबा. ८.२६ आणि ११.६ हे मोजलेले आकडे आहेत. ६ कोटी हा अंदाज आहे. एका ईमेलमागे सरासरी २१ डॉलर देणगी आली होती, आणि नव्याने जोडलेले लोकही तेवढेच देतील असं धरून तो काढलाय. असा गोष्टीसारखा सांगितलेला आकडा दिसला, की त्यातलं मोजलेलं किती आणि धरलेलं किती, हे आधी वेगळं करायचं.

पण आपल्याकडे तीन लाख लोक कुठे आहेत?

खरी अडचण हीच आहे. मामाच्या पेजवर दिवसाला ४० माणसं येतात आणि शंभरातले ४ मेसेज करतात. तुम्ही पेजचे दोन प्रकार केले, निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरा दाखवला. याला ए/बी टेस्ट म्हणतात. नव्या शीर्षकामुळे ४ चे ५ झाले का, हे ओळखायला प्रत्येक प्रकार किती जणांना दाखवावा लागेल? त्यासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात :

```
n = 16 × p × (1 − p) ÷ d²
```

`p` म्हणजे दोन्ही दरांची सरासरी, इथे ०.०४५. `d` म्हणजे जो फरक पकडायचाय तो, इथे ०.०१. उत्तर येतं सुमारे ६,९००. एवढी माणसं मिळाली, तर खरोखर असलेला फरक पाचपैकी चार वेळा हाती लागतो. दोन्ही प्रकार मिळून १३,८०० माणसं लागणार, आणि रोजची ४० या हिशेबाने जवळपास ३४५ दिवस. पावसाळ्यात सफारी बंद असते. म्हणजे सीझन संपेल, पण टेस्ट संपणार नाही.

आता तेच सूत्र मोठ्या फरकासाठी लावा. ४ चे ८ होतात का, एवढंच बघायचं असेल तर `p` ०.०६ आणि `d` ०.०४. प्रत्येकी ५६४ माणसं पुरतात, म्हणजे जवळपास चार आठवडे. यातून कामाची गोष्ट कळते : छोट्या पेजवर बटण हिरवं की लाल असल्या बारीकसारीक टेस्टच्या नादी लागू नये. मोठी अडचण शोधायची, ती दूर करायची आणि मग मोजायचं. ती अडचण शोधायलाच हीटमॅप आणि सेशन रेकॉर्डिंग आहेत.

बोटं कुठे जातात?

मायक्रोसॉफ्टचं ‘क्लॅरिटी’ हे फुकट मिळणारं टूल आहे. पेजमध्ये कोडचा एक छोटा तुकडा टाकला की ते चालू होतं. हीटमॅप म्हणजे तुमच्या पेजचंच चित्र. जिथे जास्त टॅप होतात तिथे लाल, कमी तिथे निळं. दुसरा प्रकार स्क्रोलचा. पेजच्या कुठल्या उंचीपर्यंत किती लोक पोचले, हे त्यात दिसतं. सेशन रेकॉर्डिंगमध्ये एकेका माणसाची पूर्ण भेट पुन्हा चालवून बघता येते. यात फोनचा कॅमेरा वगैरे काही चालू होत नाही. पेजवर काय होतं, कुठे टॅप झालं, किती खाली सरकलं, याची नोंद ठेवून टूल ते दृश्य परत उभं करतं.

मामाच्या पेजची अशी वीस-पंचवीस रेकॉर्डिंग तुम्ही बघितलीत असं समजा. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली : लोक वाघाच्या फोटोवर टॅप करतात आणि काहीच होत नाही. याला ‘डेड क्लिक’ म्हणतात. काही जण तर वैतागून तिथेच तीन-चारदा टॅप करतात, ती ‘रेज क्लिक’. दुसरी : स्क्रोलच्या नकाशात शंभरातले तीसच लोक तळापर्यंत जाताना दिसतात. म्हणजे ७० जणांना बटण दिसतच नाही! मग त्याचा रंग कुठला का असेना. तिसरी : लोक खाली जातात, पुन्हा वर येतात, ‘कसे पोहोचाल’पाशी थबकतात आणि निघून जातात. गेट किती लांब आहे, हेच त्यांना कळत नसावं.

‘नसावं’ म्हटलं, कारण रेकॉर्डिंग माणसाने काय केलं ते दाखवतं. का केलं, तो अंदाज तुमचा. वाघावरचा लाल ठिपका बघून ‘लोकांना फोटो फार आवडलाय’ असंही कोणी म्हणेल. कदाचित त्यांना त्यामागे खोल्यांचे फोटो उघडतील असं वाटलं असेल. खात्री करायची तर मेसेज केलेल्या चार-पाच पाहुण्यांना सरळ विचारा, की आधी काय शोधत होतात. आणि एक पथ्य पाळा : मोबाइल आणि कम्प्युटरचे हीटमॅप वेगवेगळे बघा. पेजची मांडणी दोन्हीकडे वेगळी असते, एकत्र बघितलं तर चित्र फसवं येतं.

बदल आणि मोजमाप

आता बदल सुचतात. शीर्षक : ‘चोरखमारा गेटच्या रस्त्यावर चार खोल्या, सकाळच्या सफारीआधी गरम चहा’. त्याच्या खाली गेटपर्यंतचं खरं अंतर. वरचा फोटो खोलीचा आणि टॅप केल्यावर बाकीचे फोटो उघडतील असा. वाघ त्यातच दुसरा. बटण स्क्रीनच्या तळाशी चिकटलेलं, स्क्रोल केलं तरी अंगठ्याखाली राहणारं.

हे सगळं एकदम बदललंत तर नेमकं कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. ओबामांच्या टीमने चोवीस जोड्या केल्या त्या यासाठीच, आणि तीन लाख लोक असल्याने त्यांना ते परवडलं. आपण जुनं पेज विरुद्ध नवं पेज, एवढंच मोजायचं.

मोजताना गडबड होते ती घाईने. तीन दिवसांनी बघितलं, तर जुन्यावर ६० पैकी २ आणि नव्यावर ६० पैकी ४ मेसेज. ‘दुप्पट झालं मामा!’ असं ओरडायचा मोह होतो. पण दोन माणसं इकडची तिकडे झाली की सगळा निकाल फिरतो. रोज डोकावून, आवडता निकाल दिसला त्या दिवशी टेस्ट थांबवली, तर योगायोगसुद्धा विजय वाटायला लागतो. म्हणून आधी ठरवलेले चार आठवडे पूर्ण करायचे. आठवडेही पूर्ण हवेत, कारण शनिवार-रविवारी येणारा आणि मंगळवारी येणारा पाहुणा सारखा नसतो. शिवाय मेसेजबरोबर झालेली बुकिंगही वहीत लिहा. मेसेज दुप्पट आणि खोल्या तेवढ्याच, असंही होतं.

एक बटण लावायचं नाही

कोणीतरी सुचवेलच : ‘फक्त १ खोली शिल्लक’ असं लिही, टेस्ट लगेच जिंकशील. जिंकालही. पण चारही खोल्या रिकाम्या असताना असं लिहिणं म्हणजे खोटी घाई दाखवणं. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिलेत, आणि हा त्यातला एक. लोकांनी काय केलं ते टेस्ट मोजते, त्यांना काय सांगून ते करायला लावलं हे तिला कळत नाही.

रेकॉर्डिंगचंही तसंच. समोरच्याला आपली भेट नोंदवली जातेय हे माहीतही नसतं. क्लॅरिटी फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर मुळातच झाकून ठेवतं, ती सेटिंग तशीच राहू द्या. नाव आणि फोन नंबर तुम्हाला दिसायची गरज नाही, अंगठा कुठे अडखळतो एवढं दिसलं तरी पुरे. आणि पेजच्या तळाशी दोन ओळीत साध्या मराठीत लिहा, की या पानावरच्या टॅपची नोंद होते आणि ती कशासाठी होते. मामा विचारेल, ‘हे कोण वाचणार आहे?’ स्क्रोलचा नकाशा उघडा. किती जण तिथपर्यंत पोचले, ते त्यालाच दिसेल.