वाक्याच्या शेवटचं ‘क्वा’

फ्रेंच शिकणारा पॅरिसमध्ये पहिल्यांदा गप्पा ऐकतो, तेव्हा त्याला वाटतं की समोरचा सारखा ‘काय?’ ‘काय?’ विचारतोय. कारण ‘क्वा’ म्हणजे ‘काय’, एवढंच त्याला पुस्तकाने सांगितलेलं असतं.

समजा, नव्या शेजाऱ्याबद्दल कोणी म्हणालं: ‘बँ, इल ए जाँती, आँफँ, पा मेशाँ, क्वा.’ त्यात माहिती एवढीच, की माणूस चांगला आहे, वाईट नाही. बाकीचे शब्द बोलणाऱ्याचं मन दाखवतात. ‘बँ’ हे ‘बियँ’चं झिजलेलं रूप. उत्तर सरळ देता येत नाहीये, हे ते आधीच सुचवतं. ‘आँफँ’चा कोशातला अर्थ ‘अखेर’, पण इथे संपत काहीच नाही. ‘चांगला’ जरा जास्तच झालं, म्हणून तो शब्द मागे घेतला जातोय. घाईत त्याचं नुसतं ‘फँ’ उरतं. शेवटचं ‘क्वा’ सांगतं, याहून नेमका शब्द सुचत नाही, तुम्ही समजून घ्या. ओळखायची खूण म्हणजे सूर. हे ‘क्वा’ आधीच्या शब्दाला चिकटून, खालच्या पट्टीत येतं. प्रश्नातलं मात्र वर चढतं.

‘ब्रेफ’ हा असाच आणखी एक बोलण्यातला शब्द, थेट आपल्या ‘असो’सारखा. स्वतःचं पाल्हाळ त्याने खुशाल आवरावं. दुसऱ्याचं बोलणं त्याने तोडलं, तर तो चक्क उद्धटपणा. २०११मध्ये कनाल प्लुस वाहिनीवर याच नावाची छोट्या भागांची विनोदी मालिका आली. तिचा नायक आपली प्रत्येक फजिती शेवटी ‘ब्रेफ’ म्हणून एका वाक्यात गुंडाळतो.